डिमेन्शिया झालेल्या आईला अंघोळ घालताना: तयारी, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

डिमेन्शियाच्या रुग्णांच्या घरी गेले की तक्रारींची सुरुवात बहुतेक वेळा अंघोळीपासून होते. औषध कसंबसं पोटात जातं, जेवणही होतं, पण अंघोळ म्हटलं की आरडाओरडा, मारामारी आणि शेवटी दोघांचंही रडणं. लेकीच्या मनगटावर ओरखडे असतात, सुनेची कंबर धरलेली असते, आणि आई दिवसभर घुम्यासारखी बसून राहते. पुष्कळदा घरची माणसं कामाला सुरुवातच चुकीच्या टोकापासून करतात, म्हणजे पाणी काढून मग आईला ओढत नेतात. खालच्या क्रमात आधी आईच्या नकाराचं कारण शोधायचं, पाणी त्यानंतर येतं. मी ‘आई’ असं लिहिलं असलं तरी वडील, सासू, सासरे यांनाही हेच लागू आहे.

टप्पा १: नकार नेमका कुठे येतो ते पाहा

पहिला आठवडा काहीच बदलू नका. फक्त एका वहीत लिहा की आई कुठल्या क्षणी बिथरली. ‘अंघोळ’ हा शब्द ऐकताच? बाथरूमच्या दारात? कपडे काढताना? की पहिला तांब्या अंगावर पडल्यावर? वेळही लिहा, आणि त्या आधी तासभर घरात काय चाललं होतं तेही लिहा.

या नोंदीतूनच कारण हाती लागतं. शब्दालाच नकार असेल तर बहुधा एवढं मोठं काम कुठून सुरू करायचं हेच आईला उमगत नाही. अंघोळ म्हणजे वीस-पंचवीस छोट्या कृतींची साखळी असते आणि या आजारात ती साखळीच तुटते. दारात अडत असेल तर पडण्याची भीती, चकचकीत फरशी, आरसा किंवा गीझरचा आवाज यांपैकी काहीतरी आहे. कपड्यांपाशी अडत असेल तर लाज वाटते, थंडी वाजते किंवा खांदा दुखतो. पाणी पडताच किंचाळत असेल तर ते पाणी तिला अचानक, फार गरम किंवा फार गार लागलेलं असतं.

डोंबिवलीतल्या एका घरातली गोष्ट सांगते. आई निवृत्त शिक्षिका, वय अठ्ठ्याहत्तर. दारापर्यंत हसत यायच्या आणि आत पाऊल टाकलं की “ती बाई बघतेय” म्हणून मागे फिरायच्या. घरातल्यांना वाटलं भास होतायत, म्हणून गोळी वाढवून घ्यायच्या बेतात होते. बेसिनवरच्या आरशात त्यांना स्वतःचाच चेहरा दिसत होता आणि तो ओळखू येत नव्हता. आरशावर टॉवेल टाकला, तेव्हा त्या आत येऊ लागल्या. पण कपडे काढू देईनात. लेकीशी बोलताना कळलं की त्या कोकणातल्या घरी न्हाणीत, परकर छातीपर्यंत बांधून अंघोळ करत मोठ्या झाल्या होत्या. उभ्या आयुष्यात त्या कुणासमोर पूर्ण उघड्या झाल्या नव्हत्या, आणि आता अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांना दिव्याच्या लख्ख उजेडात तसं उभं केलं जात होतं. परकर बांधूनच अंघोळ सुरू केली आणि अर्धी लढाई तिथेच संपली.

*तपासा:* आठवड्याच्या नोंदी वाचून “आई ___ पाशी अडते” हे वाक्य पूर्ण करता येतं का? येत नसेल तर आणखी चार दिवस लिहा. कारण कळल्याशिवाय पुढे गेलात तर पुढचे सगळे टप्पे अंदाजावर चालतील.

टप्पा २: किती वेळा आणि केव्हा, हे ठरवा

आपल्याकडे रोज अंघोळ म्हणजे अंघोळ. पारोशानं चहासुद्धा न घेण्याची सवय असलेल्या घरात ही गोष्ट पचायला जड जाते, पण सांगायलाच हवी: या वयात आणि या आजारात आठवड्यातून दोन किंवा तीन अंघोळी पुरतात. म्हातारी त्वचा कोरडी आणि पातळ असते, रोजच्या साबणानं ती खाजते आणि फाटते. मात्र उरलेल्या दिवशी चेहरा, हात, काखा, छातीखालच्या घड्या, जांघा आणि शौचाची जागा ओल्या फडक्यानं पुसून कोरडी करायलाच हवी. लघवी-शौचाचा ताबा सुटला असेल तर तेवढा भाग प्रत्येक वेळी लगेच धुवा.

वेळ आईच्या जुन्या सवयीची घ्या. शाळेत नोकरी केलेली बाई पहाटे अंघोळ करत असेल, शेतावरून येणारा माणूस संध्याकाळी करत असेल. जुनी सवय आठवणीपेक्षा जास्त टिकते. पुष्कळ रुग्ण ऊन कलल्यावर अस्वस्थ होतात, त्यांच्या बाबतीत संध्याकाळ टाळा. तुमची ऑफिसची घाई असेल ती वेळ तर कधीच नको. तुम्ही घड्याळाकडे पाहिलं की तुमचे हात भराभर चालू लागतात, आणि ते आईला बरोबर कळतं.

सांधे दुखत असतील तर डॉक्टरांना विचारून अंघोळीआधी अर्धा-पाऊण तास दुखण्याची साधी गोळी देता येते. हा बदल फार कमी घरांत सुचतो. हात वर केला की कळ येते हे आईला सांगता येत नाही, ती फक्त चापट मारते.

टप्पा ३: बाथरूम आधी तयार, आई नंतर

आई आत आल्यावर तुम्हाला एकही वस्तू आणायला बाहेर जावं लागता कामा नये. तिला आत एकटी सोडायची नाही, मिनिटभरही नाही.

बसायला पाठ आणि हात असलेली खुर्ची हवी, पायांना रबरी बूच असलेली, आणि बसल्यावर तळवे पूर्ण जमिनीला टेकतील एवढ्याच उंचीची. घरोघरी वापरतात ते प्लास्टिकचं बुटकं स्टूल सरकतं, आणि त्यावरून उठताना गुडघे भरून येतात. खुर्चीचा रंग फरशीपेक्षा वेगळा घ्या. पांढऱ्या फरशीवर पांढरी खुर्ची आईला दिसतच नाही, म्हणून ती बसायला घाबरते. पायाखालच्या मॅटचं उलट आहे. ती फरशीच्या रंगाला जवळची असावी, कारण काळी मॅट या रुग्णांना खड्ड्यासारखी दिसू शकते आणि ते ती ओलांडायला जातात. आधाराची दांडी भिंतीत स्क्रूनं घट्ट बसवलेली हवी. टॉवेलची दांडी वजन पेलत नाही, आणि हवेनं चिकटणाऱ्या दांड्या ओल्या टाइल्सवरून सुटतात. आतली कडी काढून टाका.

पाणी बादलीत काढून ठेवा. आधी गार, मग त्यात गरम. कोमट म्हणजे साधारण ३७ ते ३८ अंश, आणि ते तुमच्या बोटांनी न बघता कोपरानं किंवा मनगटाच्या आतल्या बाजूनं बघा. रोज भांडी घासणाऱ्या बोटांना चटका कमी जाणवतो. गीझर ६० अंशांवर असेल तर ते पाणी काही सेकंदांत म्हाताऱ्या माणसाची कातडी भाजू शकतं. त्याची कळ कमी करून ठेवा आणि गरम पाण्याचा नळ आईच्या हाताशी येऊ देऊ नका.

*सावधान:* गॅस गीझर बाथरूमच्या आतच असेल तर पाणी आधी काढा, गीझर बंद करा, दार-खिडकी उघडी ठेवून थोडा वेळ जाऊ द्या, मगच आईला आत न्या. बंद बाथरूममध्ये त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि “मला कसंतरी होतंय” हे आईला सांगता येणार नाही.

हाताशी ठेवायच्या वस्तू: दोन मोठे टॉवेल, तीन मऊ फडकी, सौम्य साबण, तांब्या, पुढून उघडणारा गाऊन, आतले कपडे आणि तुमच्यासाठी एक बुटकं स्टूल. हे शेवटचं स्टूल बहुतेक जण विसरतात, आणि वाकून वाकून आधी कंबर जाते नि मग संयम.

टप्पा ४: आईला आत नेणं

“अंघोळ करायची का?” हे विचारू नका. उत्तर ‘नाही’ येणार, आणि मग तुम्ही ते ‘नाही’ मोडायला निघणार. “चार दिवस झाले, वास यायला लागलाय” हे तर मुळीच नको. ती लाजते, आणि लाजलेलं माणूस भांडतं. कारणं पटवून देण्याचाही उपयोग नसतो. तुमचं दुसरं कारण येईपर्यंत पहिलं विसरलेलं असतं.

त्याऐवजी समोरून, तिच्या नजरेच्या उंचीवर या, हात पुढे करा आणि एका वेळी एकच छोटी गोष्ट सांगा. “आई, पाणी तापलंय.” थांबा. “माझा हात धर.” थांबा. “इथे बस.” वाक्य पोचायला तिला सात-आठ सेकंदसुद्धा लागू शकतात. त्या मधल्या शांततेत आपण घाईनं तेच वाक्य वेगळ्या शब्दांत सांगतो, आणि तिच्या लेखी ती नवी सूचना होते. पुन्हा सांगायचंच असेल तर अगदी त्याच शब्दांत सांगा.

नकार आला तर विषय सोडा. वीस मिनिटांनी पुन्हा या, शक्य असेल तर घरातल्या दुसऱ्या माणसानं यावं. दुसऱ्यांदाही नकार आला तर त्या दिवशी अंघोळ नाही. टप्पा ६ मधलं पुसणं करा.

*सावधान:* दंड धरून ओढणं, दोघांनी उचलून नेणं, “डॉक्टर येणार आहेत” अशी भीती घालणं यानं आजची अंघोळ होईल कदाचित. प्रसंग आई विसरेल, पण त्या खोलीची भीती विसरणार नाही. पुढच्या वेळी ती दाराशीच अडेल.

टप्पा ५: पाणी घालण्याचा क्रम

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे पहिला तांब्या डोक्यावर किंवा खांद्यावर ओतणं. डोळ्यांत पाणी, कानांत पाणी, श्वास अडकतो, आणि कोण काय करतंय ते कळत नाही. म्हणून क्रम पायांपासून वर.

आईला खुर्चीत बसवा. अंगावर टॉवेल किंवा परकर राहू द्या, तो भिजला तरी चालेल. तुम्ही समोर स्टुलावर बसा. आधी तिचा हात बादलीत बुडवू द्या म्हणजे पाणी कसं आहे ते तिला कळतं. मग “पायावर पाणी घालते” असं सांगून पावलांवर. तांब्या तिच्या हातात देऊन पाहा. हाताला जुनं काम आठवतं, आणि पुष्कळ जणी स्वतःच पाणी घेऊ लागतात. जमत नसेल तर तुमचा हात तिच्या हाताखाली ठेवून दोघींनी मिळून फिरवा. पाय, मग पिंढऱ्या आणि मांड्या, मग हात, पाठ, छाती आणि पोट. ज्या भागाला हात लावणार तेवढाच उघडा करा, धुवा, झाका, मग पुढचा. चेहरा ओल्या फडक्यानं, तिच्याच हातून.

शौचाची जागा सर्वात शेवटी, वेगळ्या फडक्यानं, बायकांच्या बाबतीत नेहमी पुढून मागे. टॉवेल मांडीवर राहू द्या, फडकं तिच्या हातात द्या आणि नजर दुसरीकडे ठेवा. मुलगा आईला किंवा सून सासऱ्यांना अंघोळ घालत असेल तर अवघडलेपण दोन्हीकडे असतं, ते नाकारू नका. बाकी अंघोळ मुलानं घालावी आणि एवढ्या भागासाठी घरातल्या बाईनं किंवा कामाला येणाऱ्या मावशींनी यावं, असं कित्येक घरांत नीट चालतं.

केस त्याच दिवशी धुवायचा आग्रह सोडा. केसांसाठी वेगळा दिवस ठेवा, कपाळाशी घडी केलेला नॅपकिन धरा आणि पाणी मागून घाला. अंघोळीआधी तेल चोळायची सवय असेल तर तळव्यांना तेल लावू नका. दिवाळीच्या अभ्यंगस्नानाला तर विशेष जपा. तेलकट पाय आणि ओली फरशी मिळून खुब्याचं हाड मोडायला पुरेसं असतं.

मध्येच बिथरली तर

पाणी थांबवा. बोलणं थांबवा. कोरडा टॉवेल खांद्यांवरून गुंडाळा आणि हाताला थोडा दाब देऊन शांत बसा. तिनं तुमचं मनगट पकडलं तर हिसडा मारू नका, तिच्या मुठीत दुसरा नॅपकिन सरकवा, पकड सुटते. दोन-तीन मिनिटांत शांत झाली तर उरलेलं करा, नाहीतर साबण पुसून अंघोळ संपवा. अर्धी अंघोळ चालते.

तुमचा स्वतःचा आवाज चढला असेल, हात जड पडला असेल, तर तीसुद्धा थांबण्याचीच खूण आहे. आईला पुसून, गाऊन घालून, पलंगावर किंवा खोलीतल्या खुर्चीत सुरक्षित बसवा आणि मग तुम्ही गॅलरीत जा. ओल्या बाथरूममध्ये तिला सोडून नाही.

टप्पा ६: पुसणं, कपडे आणि त्वचा पाहणं

टॉवेल घासू नका, दाबून टिपा. घड्यांमधून आणि पायांच्या बोटांमधून नीट कोरडं करा. ओलसर घड्यांत पावडर टाकली की तिचे गोळे होऊन कातडी सोलवटते, म्हणून पावडर नकोच. एक हात दुखरा असेल तर कपडे काढताना आधी चांगला हात, घालताना आधी दुखरा हात.

हीच वेळ त्वचा बघायची. कंबरेखालचं माकडहाड, टाचा, खुबे, छातीखालच्या आणि जांघेतल्या घड्या पाहा. लाल डागावर बोट दाबून सोडलं की तो क्षणभर फिका पडायला हवा. पडत नसेल तर ती शय्याव्रणाची सुरुवात असू शकते. सावळ्या रंगावर लाली दिसत नाही, तिथे आजूबाजूपेक्षा काळपट, गरम किंवा कडक लागणारी जागा शोधा. असं काही सापडलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि त्या जागेवर भार देऊ नका.

अंघोळ नको असेल त्या दिवशीचं पुसणं

पलंगावर आईला कोरडी चादर पांघरा. मोठा सुती टॉवेल किंवा पंचा कोमट पाण्यात, त्यात सौम्य साबणाचे चार थेंब टाकून, भिजवून घट्ट पिळा. चादर हळूहळू खाली सरकवत तिच्या जागी ऊबदार पंचा अंगावर येऊ द्या, म्हणजे अंग कधीच उघडं पडत नाही. पंचावरूनच हलक्या हातानं चोळा. मग साध्या कोमट पाण्यातला दुसरा पंचा, मग कोरडा टॉवेल. पुढे कूस वळवून पाठ. सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे.

हे कमअस्सल आहे असं समजू नका. २००४ साली अमेरिकेतल्या नर्सिंग होममध्ये झालेल्या एका अभ्यासात, अंघोळीची पद्धत त्या त्या माणसाप्रमाणे बदलली किंवा अशा प्रकारे टॉवेलनं अंग पुसलं, तेव्हा मारणं-ओरडणं निम्म्याहून अधिक कमी झालं होतं. आजार पुढे गेल्यावर, आईला उभं राहता येईना झाल्यावर, मुख्य अंघोळ हीच असते.

टप्पा ७: तुमची पाळी, दुसऱ्याची पाळी

आठवड्याच्या तिन्ही अंघोळी एकाच माणसाकडे असतील तर दोन-तीन महिन्यांत ते माणूस मोडतं. लक्षणं ठरावीक असतात: अंघोळीच्या आदल्या रात्री झोप न लागणं, आईनं ‘नाही’ म्हणण्याआधीच राग येणं, कंबरदुखी, आणि पुसण्याचे दिवस हळूहळू वाढत जाणं. बहीण-भावांना “मदत कर” असं मोघम सांगू नका. “दादा, रविवारची अंघोळ तुझी, सकाळी आठ वाजता” असं सांगा. परगावी असलेल्यानं आठवड्यातून दोन सकाळी मावशींचे पैसे द्यावेत. बोलायला कुणीच नसेल तर ज्येष्ठांसाठीची सरकारी हेल्पलाइन १४५६७ आणि मनावरचा ताण हलका करण्यासाठी टेली-मानसचा १४४१६ हे दोन्ही नंबर फुकट आहेत.

आणखी एक. आल्यागेल्यासमोर “आज अंघोळीला किती त्रास दिला” हे सांगू नका, आई समोर बसलेली असताना तर नाहीच. शब्द कळले नाहीत तरी आपल्याविषयी चाललंय हे तिला कळतं. बिथरलेल्या आईचा व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकू नका. डॉक्टरांना दाखवायला काढला असेल तर अंगावर कपडा असताना काढा आणि दाखवून झाल्यावर पुसून टाका.

*तातडीनं डॉक्टर:* महिनोन्‌महिने ठीक चाललेली अंघोळ एक-दोन दिवसांत अचानक अशक्य झाली, आई फार गुंगीत किंवा फार सैरभैर असेल, ताप, लघवीला जळजळ किंवा दुर्गंधी असेल, तर हा डिमेन्शिया वाढलाय असं धरून बसू नका. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, नवं औषध किंवा कुठेतरी लागलेला मार यामुळे असं होतं, आणि त्यावर इलाज असतो. अंघोळीसाठी म्हणून चहातून झोपेची गोळी मात्र कधीही देऊ नका. गुंगीतलं माणूस ओल्या फरशीवर पडतं.

टप्पा ८: दुसऱ्याच्या हाती देताना कागद द्या

ब्यूरोकडून नवी बाई आली की घरातले “जपून घाला हं” एवढंच सांगतात, आणि पहिल्याच दिवशी ती डोक्यावर पाणी ओतते. पहिल्या दोन अंघोळींना तुम्ही सोबत थांबा आणि एक कागद बाथरूमच्या दारावर लावा. डोंबिवलीच्या त्या घरातला कागद असा होता:

“सोमवार, गुरुवार, शनिवार. सकाळी साडेसात, चहानंतर. त्यांना ‘बाई’ म्हणायचं, आजी नाही. आरशावर टॉवेल. परकर अंगावर राहू द्यायचा. तांब्या त्यांच्या हातात. डावा खांदा दुखतो, हात वर ओढायचा नाही. ‘पुरे’ म्हणाल्या की पुरे. केसांचं काम शनिवारी लेक करते.”

हा कागद दर दोन-तीन महिन्यांनी, आणि मधे आजारपण किंवा पडझड झाली तर लगेच, नव्यानं लिहा. आज तांब्या धरणारा हात तेव्हा धरत नसेल, आणि जुना कागद नव्या बाईकडून त्याचीच अपेक्षा करत राहील.